देणगीचा हिशेब, आभाराच्या शब्दांत
संगीतशाळेच्या नव्या दालनाच्या उद्घाटनप्रसंगी देणगीदारांपुढे काय बोलावे?

समाजाच्या कोणत्याही नव्या वास्तूचे उद्घाटन असो, कार्यक्रमपत्रिकेतील शेवटची ओळ ठरलेली असते : आभारप्रदर्शन. ही ओळ येईपर्यंत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची भाषणे होऊन गेलेली असतात. सायंकाळचा समारंभ असेल तर सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे म्हणून वडीलधारी मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. अशा वेळी कार्यवाह दोन-तीन कागद हातात घेऊन उभे राहतात आणि नावे वाचू लागतात. पहिल्या दहा नावांना टाळ्या पडतात, पुढच्या वीस नावांना पडत नाहीत आणि त्यानंतर मंडपात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येऊ लागतात. ज्यांच्या पैशाने भिंती उभ्या राहिल्या, त्यांचे ऋण मानण्याची वेळ ही अशी निसटून जाते.

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील कारेगावसारख्या गावाचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. शेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे आणि रस्त्यावर मालमोटारींची अखंड वर्दळ असते. अशा गावात समाजाच्या पुढाकाराने चालणारा एखादा संगीतवर्ग वर्षानुवर्षे कोणाच्या तरी दुकानावरील माडीवर भरतो आणि एके दिवशी देणग्यांतून त्याला रियाजासाठी स्वतंत्र दालन मिळते. त्या दिवशी देणगीदारांपुढे जे बोलायचे, त्याची तयारी कशी करावी, हा येथे विचार करण्याचा विषय आहे. व्यापारी घरांना तो परका वाटण्याचे कारण नाही. चांगले आभाराचे भाषण हे मुळात एक जमाखर्चाचे निवेदन असते. किती आले, त्याचे काय झाले आणि अजून काय बाकी आहे, एवढेच त्यात सांगायचे असते.

एका मोठ्या संस्थेची आठवण

बाकी काय आहे हे सांगणे का महत्त्वाचे, हे समजण्यासाठी महाराष्ट्राच्या संगीतशिक्षणातील एक घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे तालीम घेतली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. तोपर्यंत गायनविद्येला मुख्यतः संस्थानिकांचा आश्रय असे. पंडितजींची संस्था मात्र जलशांचे उत्पन्न, विद्यार्थ्यांचे शुल्क आणि सर्वसामान्य लोकांच्या देणग्या यांवर उभी राहिली. १९०८ साली त्यांनी मुंबईत शाखा काढली. पुढे तेथे शाळेची स्वतःची मोठी इमारत व्हावी म्हणून त्यांनी कर्ज काढले.

इमारत उभी राहिली, पण कर्ज फिटले नाही. एकीकडे वसतिगृहात राहून शिकणाऱ्या शिष्यांचा खर्च होता आणि दुसरीकडे व्याज चढत होते. जलशांचे उत्पन्न कधी भरघोस असे, तर कधी बेताचे. अखेरीस १९२० च्या दशकात ती वास्तू सावकारांच्या ताब्यात गेली आणि तिचा लिलाव झाला. पंडितजींनी नाशिकला रामनामाचा आश्रय घेतला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे कार्य मात्र थांबले नाही. त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली आणि पुढच्या वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले.

यातून निघणारा बोध व्यापाऱ्याला चटकन उमगेल. वास्तू उभारण्याचा पैसा वेगळा आणि ती चालविण्याचा पैसा वेगळा. पहिला पैसा एकदाच लागतो आणि तो उत्साहात मिळतो. दुसरा दर महिन्याला लागतो आणि त्यासाठी कोणी मंडप घालत नाही. सर्व देणगीदार एका जागी, प्रसन्न मनाने बसलेले असतात असा दिवस संस्थेच्या आयुष्यात एखादाच येतो. त्या दिवशी दुसऱ्या पैशाविषयी अक्षरही न बोलणे म्हणजे दुकान थाटून भांडवल शिल्लक आहे की नाही हे भागीदारांना न सांगणे.

आभार दोन प्रकारचे

भाषण लिहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. समारंभाचे आभार आणि देणगीदारांचे ऋणनिर्देश ही दोन वेगळी कामे आहेत. मंडप, ध्वनिक्षेपक, आचारी, छायाचित्रकार, पाहुणे आणि वृत्तपत्रांचे प्रतिनिधी यांचे आभार शेवटी एका मिनिटात मानता येतात. जमीन देणाऱ्याचे नाव त्याच दमात मंडपवाल्याच्या नावाशेजारी आले, तर दोघांवरही अन्याय होतो. म्हणून देणगीदारांसाठीचे भाषण प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाआधी ठेवावे. तोवर सभा ताजी असते. शिवाय पाहुण्यांनाही आपण कशासाठी आलो आहोत हे नेमके कळते आणि त्यांचे भाषण नेटके होते.

त्यानंतर वेळेचा हिशेब करावा. मराठीत सावकाश आणि स्पष्ट बोलणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो. सहा मिनिटांचे भाषण म्हणजे सहाशे ते साडेसातशे शब्द. एक नाव, त्याआधीचे ‘श्रीमान’ किंवा ‘सौ.’ आणि नंतरचे गाव एवढे उच्चारायला चार सेकंद लागतात असे धरले, तर १३० देणगीदारांची यादी वाचायला ५२० सेकंद, म्हणजे जवळजवळ नऊ मिनिटे लागतात. याचा अर्थ उघड आहे. संपूर्ण यादी वाचली तर भाषणाला जागाच उरत नाही. आणि यादीतील निम्मीच नावे वाचली, तर उरलेल्या निम्म्यांना वगळल्याचे दुःख होते.

यावर चांगला उपाय म्हणजे सर्व नावे दालनाच्या प्रवेशाजवळच्या फलकावर आणि त्या दिवशी वाटायच्या पत्रिकेत छापावीत. भाषणात नावे घेण्याऐवजी कामे सांगावीत. कोणत्या पैशातून काय झाले हे ऐकताना प्रत्येक देणगीदार आपला वाटा आपोआप ओळखतो.

नावांबाबत होणाऱ्या चुका

नावे छापायची ठरली की खऱ्या अडचणी सुरू होतात. पहिली अडचण पेढीच्या नावाची. धनादेश पेढीच्या खात्यातून आलेला असतो, पण कुटुंबाची इच्छा आईच्या स्मरणार्थ नाव लागावे अशी असते. पावती ज्याच्या खात्यातून रक्कम आली त्याच्याच नावे काढावी लागते. फलकावर मात्र आईचे नाव घालता येते. हे दोन्ही मजकूर देणगीदाराकडून आधी लेखी घ्यावेत. ‘कै.’ कोणापुढे लावायचे, स्मरणार्थ की प्रीत्यर्थ, आडनाव आधी की गावाचे नाव, या बारीक गोष्टींतच मने दुखावतात आणि दगडावर कोरलेली चूक सहज पुसता येत नाही.

दुसरी अडचण क्रमाची. रकमेप्रमाणे क्रम लावला की पाच हजार देणाऱ्या निवृत्त शिक्षकाचे नाव सर्वांत खाली जाते, आणि कदाचित त्याच्या दृष्टीने ती रक्कम सर्वांत मोठी असते. वर्णानुक्रम किंवा देणगी आल्याच्या तारखेचा क्रम लावला तर हा प्रश्न मिटतो. कोणता क्रम लावला आहे, हे फलकाच्या तळाशी एका ओळीत लिहावे, म्हणजे कोणी वेगळा अर्थ काढत नाही.

तिसरी बाब गुप्तदानाची. आपल्या समाजात नाव न सांगता देण्याची रीत जुनी आणि आदराची आहे. तिचा मान राखायचा तर एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. व्यासपीठावर नाव न घेणे ही देणगीदाराची इच्छा झाली, पण संस्थेच्या वहीत नाव-पत्ताच नसणे ही कायद्याच्या दृष्टीने निराळी गोष्ट आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात धर्मादाय संस्थेला मिळालेल्या अशा निनावी देणग्यांसाठी मर्यादा घातली होती. एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावरील निनावी रकमेवर तीस टक्के कर लागे. २०२५ च्या नव्या कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा आजची तरतूद संस्थेच्या सनदी लेखापालांकडून समजून घ्यावी. व्यवहारातला मार्ग मात्र सोपा आहे. वहीत नाव-पत्ता पूर्ण लिहावा आणि भाषणात ‘एक कुटुंब’ एवढेच म्हणावे.

चौथी चूक सर्वांत जास्त वेळा होते. वस्तूंच्या रूपाने देणाऱ्यांचा विसर पडतो. कोणी सिमेंटच्या गोण्या पाठविलेल्या असतात, कोणी तंबोऱ्याची जोडी दिलेली असते, कोणी दोन महिने रोज सकाळी बांधकामावर देखरेख केलेली असते. देणगीवरील प्राप्तिकराची सवलत रोकड किंवा बँकेतून दिलेल्या पैशालाच मिळते, वस्तूला किंवा श्रमाला मिळत नाही. रोख देणगीसुद्धा दोन हजार रुपयांपेक्षा अधिक असेल तर सवलतीस पात्र नसते. म्हणजे ज्याने विटा दिल्या त्याच्या हाती कोणतेही प्रमाणपत्र येणार नाही. त्याला मिळायचे ते सारे या भाषणातच मिळायचे. म्हणून वेळ थोडा असेल, तर नावानिशी उल्लेखाचा पहिला मान अशा माणसांना द्यावा.

अखेरची गोष्ट कबूल केलेल्या पण अद्याप न आलेल्या रकमांची. त्या ‘मिळालेल्या’ देणग्यांत धरून आकडा सांगू नये. तसेच त्या देणगीदारांचा उल्लेख करून त्यांना चारचौघांत अवघडूनही टाकू नये. ‘वचन मिळालेली रक्कम’ असा एकच एकत्रित आकडा सांगितला की हिशेबही खरा राहतो आणि अब्रूही राहते.

पैसा कोठे गेला, हे कानांना कळावे

संगीतशाळेच्या दालनाचे एक वैशिष्ट्य आहे. येथील खर्चाचा मोठा भाग डोळ्यांना दिसत नाही. फरशी दिसते, रंग दिसतो, दिवे दिसतात, पण शांतता दिसत नाही. त्यामुळे देणगीदारांच्या मनात प्रश्न येतो, ‘एवढ्या रकमेत संगमरवर बसला असता, मग या भिंतींवर कापडी तक्ते का लावले?’ आभाराच्या भाषणात या प्रश्नाचे उत्तर असायला हवे आणि त्यासाठी बोलणाऱ्याला थोडे ध्वनीचे गणित ठाऊक हवे.

चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद आणि बारा फूट उंच अशी सिमेंटचा गिलावा आणि गुळगुळीत फरशी असलेली मोकळी खोली घेतली आणि मध्ये उभे राहून टाळी वाजवली, तर आवाज पूर्णपणे विरायला चार-पाच सेकंद सहज लागतात. कठीण पृष्ठभाग आवाज शोषून घेत नाही, तो परत फेकतो. द्रुत तान घेणारा गायक एका सेकंदात सहा ते आठ स्वर घेतो. खोलीत आवाज चार सेकंद रेंगाळत असेल, तर शेवटचा स्वर कानी पडताना मागचे वीस-पंचवीस स्वर अजून हवेत तरंगत असतात. अशा खोलीत विद्यार्थ्याला स्वतःची चूक ऐकू येत नाही. गुरुजींनाही ती नेमकी सांगता येत नाही. तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात आणि मुले नकळत जोर लावून गाऊ लागतात. उलट आवाज अगदी कोरडा पडला तर गळ्याला आधार मिळत नाही. रियाजासाठी आवाज सुमारे एका सेकंदात विरावा, एवढे बेताचे लक्ष्य पुरे असते.

तेथपर्यंत येण्यासाठी जाड सतरंज्या, भिंतींवर कापडाने मढवलेले तंतुमय तक्ते आणि छताखाली शोषक पट्ट्या लावाव्या लागतात. पातळ पडद्याने फक्त उंच स्वर शोषले जातात. डग्ग्याचा घुमारा तसाच राहतो. त्यासाठी तक्त्यामागे थोडी पोकळी ठेवावी लागते. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवल्याने काम होत नाही, हे अनेक ठिकाणी खर्च केल्यावर कळते.

रस्त्याचा आवाज बाहेर ठेवणे हे मात्र अगदी वेगळे काम आहे. सतरंजी आतला आवाज शोषते, पण मालमोटारीचा आवाज अडवत नाही. तो अडवायला जड भिंत, घट्ट बसणारे दार आणि फटी बुजवलेल्या दुहेरी काचेच्या खिडक्या लागतात. दाराखाली बोटभर फट राहिली तरी महागड्या भिंतीचा बराचसा उपयोग वाया जातो. खिडक्या बंद ठेवायच्या म्हटल्यावर हवा खेळती ठेवण्याची सोयही करावी लागते आणि तिचा पंखा घरघरणारा असून चालत नाही.

हे सारे भाषणात सांगायचे नाही. त्यातील एकच गोष्ट ऐकवायची. तंबोऱ्याचा एक सूर लावून सभेला दहा सेकंद शांत बसायला सांगावे. कारेगावच्या रस्त्यावरून गाड्या जात असताना आत सूर स्वच्छ ऐकू आला, की देणगीदाराला त्याच्या पैशाचे काय झाले हे समजावून सांगावे लागत नाही.

भाषणाचा एक मसुदा

अशा प्रसंगी भाषण कसे असावे, याचा एक नमुना पुढे दिला आहे. त्यातील संस्था, रकमा आणि माणसे कल्पिलेली आहेत. आपल्या संस्थेचे खरे आकडे त्या जागी घालावेत.

‘आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आणि ज्यांच्यामुळे आज आपण या छपराखाली बसलो आहोत ते सर्व देणगीदार बंधू-भगिनींनो, सादर जय जिनेंद्र, नमस्कार.

बोलण्यापूर्वी एक विनंती करतो. आपल्या वर्गाची एक विद्यार्थिनी तंबोरा छेडणार आहे. दहा सेकंद आपण सर्वांनी फक्त ऐकावे.

ऐकलेत. बाहेर रस्ता नेहमीसारखाच वाहतो आहे. तो आत आला नाही. गेली चौदा वर्षे आपला वर्ग भुसार दुकानाच्या माडीवर भरत होता. माडीची जागा त्या कुटुंबाने एक रुपयाही न घेता दिली. खाली पोत्यांची चढ-उतार चालू असताना वर मुले सा लावत होती. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की तबला थांबवावा लागे. आज ते कुटुंब येथे पहिल्या रांगेत आहे. त्यांनी दिलेल्या चौदा वर्षांची पावती आमच्या वहीत नाही. म्हणून ती आज सर्वांसमोर तोंडी देतो.

आता हिशेब. या दालनाला एकूण अडतीस लाख रुपये खर्च आला. त्यांपैकी एकोणतीस लाख आपल्या देणग्यांतून जमा झाले. चार लाखांचे वचन मिळाले आहे. पाच लाख अजून देणे आहे. मिळालेल्या रकमेतून पाया, भिंती आणि छत झाले. दुहेरी खिडक्या आणि ही जड दारे झाली. भिंतींवर जे साधे कापडी तक्ते दिसतात, त्यांच्यावर आम्ही फरशीपेक्षा अधिक खर्च केला आहे. कारण फरशी पाहुण्यांसाठी असते आणि हे तक्ते विद्यार्थ्यांच्या कानांसाठी आहेत.

एकशे तीस कुटुंबांची नावे प्रवेशाजवळच्या फलकावर आहेत. ती अकारविल्हे आहेत. रक्कम तेथे लिहिलेली नाही. एका कुटुंबाने नाव न सांगण्याच्या अटीवर साहाय्य केले. त्यांच्या इच्छेला वंदन करून मी पुढे जातो.

काही नावे मात्र मी घेणार आहे, कारण त्यांना आमच्याकडून कोणतेही प्रमाणपत्र मिळणार नाही.’

(येथे विटा, वाळू, वाद्ये आणि श्रम देणाऱ्या पाच-सहा जणांची नावे, प्रत्येकाच्या कामासह एका वाक्यात घ्यावीत.)

‘एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. हे दालन चालवायला महिन्याला पंधरा हजार रुपये लागतील. वीज, स्वच्छता, वाद्यांची दुरुस्ती आणि तबल्याच्या साथीदाराचे मानधन त्यात आले. शुल्कातून दहा हजार येतील. महिन्याचे पाच हजार, वर्षाचे साठ हजार कमी पडतील. ते दरवर्षी आपल्या दारी येऊन मागावेत असे आम्हाला वाटत नाही. सहा टक्के व्याज धरले तर दहा लाखांच्या कायमनिधीतून ही तूट कायमची भरून निघते. आज कोणतेही आवाहन करण्यासाठी मी उभा नाही. आज फक्त आपले घेणे-देणे आपल्यासमोर ठेवतो आहे.

पुढच्या वर्षी याच महिन्यात मुलांचे गायन याच दालनात होईल. त्या दिवशी पाच लाखांपैकी किती फिटले आणि किती मुले शिकून पुढे गेली, हे दोन आकडे मी याच जागेवरून आपल्याला सांगेन. आपण दिले, आम्ही बांधले. आता मुलांनी गायचे आहे. ती त्यासाठी थांबली आहेत. धन्यवाद.’

मसुद्यात काय सांभाळले आहे

हे भाषण कंसातील नावे धरून पाच मिनिटांच्या आत संपते. त्यात देणगीदारांना दानशूर, कर्ण किंवा भामाशा म्हटलेले नाही. अशी विशेषणे सर्वांना सारखीच लावली जातात, त्यामुळे ती कोणाचीच राहत नाहीत. त्याऐवजी भुसार दुकानाची माडी आणि पत्र्यावरचा पाऊस आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना तेवढे पुरते.

देणे सांगताना सूर रडका नाही आणि मागणीचाही नाही. उद्घाटनाच्या मंचावरून कायमनिधीची बोली लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. जो माणूस आभार स्वीकारायला आलेला असतो, त्याच्यापुढे लगेच झोळी धरली की मागच्या देणगीचे आभार पुढच्या मागणीची प्रस्तावना ठरतात. आकडा सांगून थांबले की ज्याला द्यायचे तो दुसऱ्या दिवशी स्वतः दूरध्वनी करतो. अशी रक्कम आली की ती कायमनिधीसाठीच आहे, असे देणगीदाराकडून लेखी घेण्यास विसरू नये. ते पत्र नसेल तर ती रक्कम साधारण देणगीत धरली जाते आणि हिशेबात अडचण येते.

‘अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व’ हे वाक्यही येथे नाही. ज्याचे नाव राहते त्याचे त्या वाक्याने समाधान होत नाही. नाव राहू नये म्हणून मसुदा समारंभाच्या आठ दिवस आधी कोषाध्यक्ष, वर्गाचे गुरुजी आणि जुन्या जागेचे मालक अशा तिघांना वाचायला द्यावा. कोषाध्यक्षांना आकडे ठाऊक असतात, गुरुजींना वाद्ये कोणी दिली ते आठवते, आणि जुन्या मालकांना पहिल्या वर्षी कोण कोण येत होते ते आठवते. तिघांच्या आठवणींतून जे सुटते ते फारच थोडे असते.

शेवटी, पुढच्या वर्षीचे वचन या भाषणात सर्वांत जड आहे. ते दिले की पाळावे लागते. वर्षभरानंतर फेडलेल्या देण्याचा आकडा अपेक्षेपेक्षा लहान असला तरी तो त्याच जागेवरून, त्याच स्पष्ट शब्दांत सांगावा. पलुस्करांच्या काळापासून संगीतशाळा लोकांच्या पैशावर चालत आल्या आहेत. त्या पैशाचा हिशेब तालाप्रमाणे ठरावीक आवर्तनानंतर समेवर यावा लागतो. उद्घाटनाच्या दिवशी पहिली सम पडते. दुसऱ्या समेला तीच माणसे पुन्हा पुढच्या रांगेत येऊन बसली, तर पहिल्या दिवशीचे आभार त्यांच्यापर्यंत पोहोचले होते असे खुशाल समजावे.